अठ्ठेचाळीस चेहऱ्यांची रुजवात

पुण्याच्या पेठांतील एका शाळेत दहावीच्या एका तुकडीचे पान वार्षिकांकासाठी तयार करावयाचे होते. विद्यार्थी 48. प्रत्येकाचे लहानसे छायाचित्र आणि त्याखाली नाव, एवढेच काम. म्हणून वर्गशिक्षिकांनी ते चार मुलांकडे सोपविले.

मुलांनी प्रथम सारे चेहरे एकाच ए-फोर पानावर बसविले. एका ओळीत सहा, अशा आठ ओळी. समास आणि मधली अंतरे वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला 25 मिलिमीटर रुंदी आली. तेवढ्यात चेहरा मावला, नाव मावेना. ‘कासलीवाल’, ‘कुलकर्णी’ यांसारखी आडनावे वडिलांच्या नावासह लिहिताच शेजारच्या चौकटीत शिरू लागली. काही नावांचा टाइप तेवढा बारीक केला, तर पान ठिगळ लावल्यासारखे दिसू लागले. छापखान्यातील अक्षरजुळणी करणारे काका म्हणाले, “अरे, चौकट चेहऱ्याच्या मापाने घेऊ नका. यादीतले सर्वांत लांब नाव आधी मोजा.”

मग समोरासमोरची दोन पाने घेतली. प्रत्येकावर 24 मुले, चार रकाने, सहा ओळी. रकाना 40 मिलिमीटरचा झाला. छायाचित्र 24 बाय 30 मिलिमीटर, त्याखाली दोन ओळी. अक्षर 8 पॉइंटचे असले तरी ओळींतील अंतर 11 पॉइंट ठेवावे लागले; देवनागरीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात, ही अडचण इंग्रजी पानावरून माप उचलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. छायाचित्रे कापताना सर्वांचे डोळे वरच्या कडेपासून 12 मिलिमीटरवर आणले आणि चेहऱ्याची उंची सारखी केली. तोवर कोणी जवळ, कोणी दूर दिसत होता. आता सारी तुकडी एका बाकावर बसल्यासारखी झाली.

खरा पेच नावांचा होता. मधले नाव गाळून केवळ नाव व आडनाव छापावे, असे ठरत होते. पण वर्गात शहा आडनावाच्या दोन मुलींची नावेही एकच. मधले नाव ठेवावे, तर एका मुलीने हळूच सांगितले, “बाई, माझ्या मधे आईचे नाव घालाल का?” हजेरीपटावर वडिलांचे होते. बाईंनी सर्वांच्या घरी एकेक चिठ्ठी पाठविली: नाव जसे छापावयास हवे तसे मराठीत लिहून सही करून द्यावे. पहिल्या ओळीत स्वतःचे नाव, दुसरीत मधले नाव व आडनाव, हा साचा सर्वांना एकच; मधले नाव कोणाचे, हे घराने ठरवावे. ‘चि.’, ‘कु.’ कोणालाच नाही. एका घराने ‘शहा’ लिहिले, दुसऱ्याने ‘शाह’. मुले दोन्ही एकसारखे करावयास निघाली, तेव्हा बाईंनी त्यांना थांबविले. शासकीय कागदपत्रांत 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव व आडनाव येते. ती मुले दहावीत पोचतील तेव्हा 40 मिलिमीटरचा रकानाही कदाचित अपुरा पडेल.

इतके होऊनही पहिल्या नमुना-प्रतीत मोठी चूक राहिलीच. छायाचित्रे हजेरी क्रमांकाने काढली होती. क्रमांक 17 त्या दिवशी गैरहजर होता. संगणकावर छायाचित्रे ओळीने ओतली गेली आणि अठराव्या मुलाचा चेहरा सतराव्याच्या नावावर जाऊन बसला; तिथून पुढचे सारे एकेक घर सरकले. शेवटची चौकट रिकामी राहिली. 47 छायाचित्रे, एक रिकामी जागा, 48 नावे: बेरीज चोख! व्यापाऱ्याच्या घरात हे समजावून सांगावे लागत नाही. रक्कम बरोबर, पण दुसऱ्याच्या खात्यावर खतावली गेली, तर तेरीज जुळते आणि चूक तशीच राहते. हजेरीपटावर आधी मुलगे, मग मुली असल्याने मुलग्यांच्या रांगेत कोणालाच काही खटकले नाही. जिथे एका मुलाच्या नावावर मुलीचा चेहरा आला, तिथे वाचणाऱ्याची बोटे थबकली.

त्यानंतर प्रत्येक छायाचित्राच्या फाइलला हजेरी क्रमांकाचेच नाव दिले: 01, 02, 03. सतराव्याची चौकट मोकळी ठेवली. नवी प्रत आल्यावर बाईंनी ती वर्गात फिरविली आणि प्रत्येकाने आपला चेहरा व आपले नाव पाहून समोर सही केली. दोन शहा मुलींनी एकमेकींचेही तपासले. क्रमांक 17 आठवड्याने शाळेत आला. त्याच भिंतीसमोर, त्याच खिडकीच्या उजेडात त्याचे छायाचित्र काढले आणि दुपारी बाईंनी ते स्वतः छापखान्यात नेऊन दिले.