बोगद्याअलीकडून

सोमवारी सकाळी सातारा-कराडकडून पुण्यात परतणाऱ्या गाड्या लगेच ओळखू येतात. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं, डिकीत आईने बांधून दिलेली लोणच्याची बरणी आणि चालवणाऱ्याच्या डोक्यात हिंजवडीतली साडेनऊची मीटिंग. खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडतो, शिंदेवाडीचा चढ लागतो आणि नेमका तिथेच काटा तांबड्या रेघेकडे सरकतो. बॉनेटमधून वाफ. गाडी डावीकडे घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे, मागे लाल त्रिकोण ठेवायचा आणि कठड्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. हे निस्तरलं की उरतो साहेबांना करायचा फोन.

तोंडात पहिलं येतं, “सर, पोहोचतोच!” अंघोळीला जातानाही ‘निघालोय’ म्हणणारं हे शहर, इथे ‘पोहोचतोच’वर कोण विश्वास ठेवणार? शिवाय ते खरं नसतंच. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर येतं, म्हणून इंजिन निवेपर्यंत अर्धा तास तरी हात लावता येत नाही. पाइप फुटला असेल तर तो मिळायला हवा, नाहीतर गाडी ओढून न्यायची. पोहोचण्याची वेळ आपल्यालाच ठाऊक नसते. ठाऊक असते ती पुढच्या फोनची वेळ. तीच सांगावी.

आधी फोन, उचलला नाही तर व्हॉट्सॲपवर एवढंच:

“सर, कात्रजच्या नव्या बोगद्याअलीकडे गाडी गरम होऊन बंद पडली आहे. मी सुखरूप आहे, मदतीसाठी १०३३ला फोन केलाय. साडेनऊला पोहोचता येणार नाही. आकडे मेल केलेत, मीटिंगला फोनवरून येतो. पावणेनऊला पुन्हा कळवतो.”

यात ‘कालच सर्व्हिसिंग केलं होतं’ नाही. कुणी आरोप करण्याआधीच खुलासा दिला की संशय येतो. वाफाळत्या बॉनेटचा न मागता पाठवलेला फोटो तर मला कोर्टात दिलेल्या प्रतिज्ञापत्रासारखा वाटतो. माफीही एकदा पुरे, तीही भेटल्यावर. साहेबांना त्या क्षणी आपल्या रेडिएटरचं सुतक नसतं; साडेनऊला आकडे कोण मांडणार, एवढंच त्यांना हवं असतं. ‘येणार नाही’ हे स्पष्ट कळलं की ते दुसरी सोय करतात. ‘बघतो, प्रयत्न करतो’ म्हटलं की ते आपली वाट बघत बसतात आणि चिडतात ते त्यावर.

पावणेनऊ वाजले आणि मेकॅनिक आलेला नसला, तरी कळवायचं: “अजून आलेला नाही, सव्वानऊला सांगतो.” बहुतेकांचा हा दुसरा निरोपच राहून जातो, आणि निष्काळजीपणाचा शिक्का तिथे बसतो.

१०३३ ही राष्ट्रीय महामार्गांची चोवीस तासांची हेल्पलाइन आहे. नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.