कढीपत्त्याची दहा पानं

"मॅडम, रोज सकाळी अनशापोटी कढीपत्त्याची दहा पानं चावून खातो. आता गोळी निम्मी केली तर चालेल ना?" मधुमेहाच्या आहारसल्ल्यासाठी येणाऱ्यांकडून आहारतज्ज्ञांना हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो, मलाही लागतो. उत्तर आहे, नाही. पण ते का, हे नीट सांगायला हवं, कारण हा समज अगदीच हवेतून आलेला नाही.

कढीपत्त्याच्या पानांत कार्बाझोल गटातली अल्कलॉइड असतात. महानिंबिन हे त्यांपैकी एक. मुद्दाम मधुमेह निर्माण केलेल्या उंदरांना पानांचा अर्क दिला, तेव्हा त्यांची रक्तशर्करा उतरल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं. मात्र उंदरांना अर्क मिळतो तो त्यांच्या वजनाच्या मानाने भरपूर. माणूस फोडणीतली पानं खातो, तीही बहुतेकदा ताटाच्या कडेला काढून ठेवतो.

माणसांवरचे अभ्यास मोजकेच आहेत. त्यांतला एक 1990 साली प्रसिद्ध झाला. टाइप 2 मधुमेहाच्या 30 रुग्णांना महिनाभर रोज 12 ग्रॅम कढीपत्त्याची पूड दिली गेली. पंधराव्या दिवशी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही साखर कमी भरली. पण ही घट तात्पुरती ठरली. साखर चिकटलेल्या प्रथिनांचं रक्तातलं प्रमाण, म्हणजे गेल्या काही आठवड्यांची सरासरी सांगणारी खूण, फारसं बदललं नाही. कोलेस्टेरॉलही जवळपास तिथेच राहिलं.

आता त्या 12 ग्रॅमचा हिशेब करू. ताज्या पानांत जवळजवळ दोन तृतीयांश पाणी असतं. म्हणजे तेवढी पूड करायला पस्तीसेक ग्रॅम ताजी पानं लागतात. मध्यम आकाराचं एक पान साधारण एक दशांश ग्रॅम भरतं, म्हणजे रोजची साडेतीनशेच्या आसपास पानं झाली. सकाळची दहा पानं जेमतेम एक ग्रॅम! साडेतीनशे पानांनी जे टिकाऊपणे साधलं नाही, त्याची दहा पानांकडून अपेक्षा ठेवून गोळी कमी केली, तर साखर गुपचूप चढत राहते. दोन-तीन महिन्यांनी एचबीए1सी तपासलं की ते उघडकीला येतं.

कढीपत्त्याने पांढरे केस काळे होतात, या दुसऱ्या समजाला तर पुरावा याहून तोकडा आहे. केसाला काळा रंग मिळतो तो त्याच्या मुळाशी असलेल्या पेशींनी तयार केलेल्या मेलॅनिनमुळे. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो; एकदा पांढरा उगवलेला केस तेल लावून आतून काळा होत नाही. खोबरेल तेलात कढीपत्ता उकळला की तेल हिरवट-काळपट होतं आणि त्याचा असर केसांच्या रंगावर होईल असं वाटतं, पण तेलाचा तो रंग पानातल्या हरितद्रव्याचा असतो. त्या तेलाने केस मऊ आणि चमकदार दिसतात, याचं श्रेय खोबरेलाला द्यायला हवं. धुताना केसातलं प्रथिन वाहून जाणं खोबरेल कमी करतं, हे रेळे आणि मोहिले यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं आहे.

पंचविशीच्या आत केस पिकू लागले, तर आधी घराण्यात तसं आहे का ते पाहावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी12 व थायरॉइड तपासून घ्यावं. शाकाहारी माणसांत बी12ची कमतरता बरीच आढळते, आणि ती कढीपत्त्याने भरून निघत नाही. त्यात हे जीवनसत्त्व नसतंच.

मग कढीपत्ता खावाच कशाला? तर पालेभाजी म्हणून. त्यात कॅल्शियम आणि बीटा कॅरोटीन चांगलं असतं, मात्र ते मिळायला पान पोटात जायला हवं, आणि चिमूटभर नव्हे, मूठभर. त्यासाठी कोरडी चटणी सगळ्यात सोयीची. दोन वाट्या पानं धुऊन, कापडावर पसरून सावलीत वाळवावीत. चमचाभर तेलात मंद आचेवर परतावीत. पान चिमटीत धरल्यावर कुरकुरून चुरा झालं की झालं. नुसतं वाकलं तर ओल शिल्लक आहे, आणि अशा चटणीला बुरशी धरते. मग दोन चमचे भाजलेले तीळ, थोडं सुकं खोबरं, लसूण, सुकी मिरची, मीठ घालून मिक्सरमधून जाडसर फिरवावं. यातल्या तिळा-खोबऱ्यातला स्निग्धांश बीटा कॅरोटीन अंगी लागायला मदत करतो.

चटणी भाकरीवर किंवा दह्यात कालवून खाता येते. ज्यांना पान दाताखाली आलेलं आवडत नाही, त्यांनी ते बारीक चिरून थालीपिठाच्या पिठात मळावं, नाहीतर ताकात कोथिंबीर-आल्याबरोबर वाटून घालावं. एवढ्या प्रमाणात मधुमेहींनाही ते निर्धास्त चालतं. गोळ्या, फिरणं आणि ताटातल्या भाताचं माप मात्र ठरल्याप्रमाणेच ठेवावं. बाजारातल्या अर्काच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी आहे: साखर उतरवणाऱ्या गोळ्यांसोबत त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.