सहा, सहा, सहा, चार

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये जुन्या ओळखी नव्याने भेटतात. निवृत्तीनंतर इथेच घर केलेले फौजी खूप आहेत. आमच्या पहिल्या युनिटचे सुभेदार मेजर साहेब असेच उलसूरच्या बाजूला मुलाकडे राहतात. मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता ऐंशीच्या पुढे. गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर शब्द त्यांच्या हाताला लागेनासे झालेत. माणसं ओळखतात, पण नावं सापडत नाहीत.

त्यांच्या मुलाने मला एक काम सांगितलं. साहेबांची आई रोज दिवेलागणीला एक गाणं म्हणायची. साहेबांना ते नातीला द्यायचं आहे. भाऊ-बहीण कुणी उरलेलं नाही, म्हणजे ते गाणं माहीत असलेला माणूस एकच. त्यालाही शब्द आठवत नाहीत आणि चालही आठवत नाही. पण गाण्याचा विषय काढला की त्यांची बोटं टेबलावर वाजायला लागतात. आपल्याजवळ पुरावा एवढाच.

मित्रहो, तुम्ही म्हणाल, नुसत्या ठोक्यांवरून गाणं कसं शोधणार? शोधता येतं, पण ठोक्यांकडून किती मागायचं हे आधी ठरवावं लागतं.

पहिला प्रश्न: ठोके सारख्या अंतराने पडतात की लांब-आखूड? वृत्तातल्या श्लोकात लघु-गुरूचा क्रम पक्का असतो. मनाचे श्लोक घ्या. भुजंगप्रयात, एका ओळीत बारा अक्षरं, आखूड-लांब-लांब असं चारदा. हा ठोका ऐकला की मराठी घरातला माणूस आधी रामदासांकडेच वळतो, आणि तिथे शोधायचे २०५ श्लोक. अभंग आणि ओवीत मात्र लघु-गुरूचा हिशेब नसतो. अक्षर ऱ्हस्व असो की दीर्घ, मोजायचं एकच. म्हणताना ती सगळी सारखीच लांबवतात, म्हणून ठोके संथ आणि एकसारखे येतात.

साहेबांचे ठोके एकसारखे होते, म्हणजे अक्षरं मोजायची. ड्रिल स्क्वेअरवर पावलं मोजून वाढलेल्या माणसाला हे अवघड नाही. मी कागद घेऊन बसलो आणि त्यांना पाच वेळा वाजवायला लावलं. सहा, सहा, सहा, सहा. पाचही वेळा तेच.

इथे थांबावं लागलं, कारण मोठ्या अभंगाचं माप वेगळं आहे: सहा, सहा, सहा आणि शेवटी चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या अखेरीस. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. सहा-सहा-सहा-सहा यांपैकी कशातच बसत नाही. मग नीट पाहिलं, तर शेवटच्या सहामध्ये चौथ्या ठोक्यानंतर बोट किंचित उचललं जात होतं आणि उरलेले दोन हलके पडत होते.

त्याचं कारण अभंगाच्या घडणीतच आहे. शेवटचा चरण दोन अक्षरांनी तोकडा, त्यामुळे म्हणताना तेवढी जागा रिकामी राहते. म्हणणारा ती भरतो: कुणी ‘देवा’ म्हणतो, कुणी ‘बाई’. ही भर छापील गाथेत नसते, पण कानात मात्र ती गाण्याचाच भाग होऊन बसते. म्हणून ऐकलेल्या आठवणीतली अक्षरं छापील ओळीपेक्षा बहुधा जास्त भरतात. जास्तीचे ठोके ओळीच्या टोकाला आणि हलके असतील, तर ते भरीचे समजावेत. ते दोन वजा केले आणि माप जुळलं. यमकाचं विचारल्यावर साहेब म्हणाले, “सर, मधली दोन दारं एकसारखी लागायची.” दुसरा आणि तिसरा चरण. मोठा अभंग नक्की.

पण नक्की काय झालं? फक्त कपाट सापडलं. एकट्या तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत आणि त्यांतले कितीतरी याच मापाचे. गाथेमागची सूची अकारानुक्रमाने लागते. पहिला शब्द माहीत असेल तरच ती कामाची, आणि आपल्याकडे नेमका तोच नाही.

इथल्याच एका ख्रिस्ती निवृत्त अधिकाऱ्याने मला त्यांच्या प्रार्थनागीतांचं इंग्रजी पुस्तक दाखवलं. त्यात मागे एक वेगळी सूची आहे, अक्षरसंख्येची. ८.६.८.६ या मापाच्या सगळ्या चाली एका ठिकाणी, ८.८.८.८ च्या दुसऱ्या ठिकाणी. एका मापाचं गीत त्याच मापाच्या दुसऱ्या चालीवर बसतं, म्हणून वादकासाठी केलेली सोय. तिच्यात एक इशाराही आहे: माप सांगून चाल एकच निघत नाही, यादी निघते. अभंगाचंही तेच.

यादी कमी करायला मला ठोक्यांतच आणखी एक जागा सापडली: नाममुद्रा. शेवटच्या कडव्यात संत आपलं नाव घालतो, आणि त्या नावालाही माप असतं. ‘तुका म्हणे’ चार अक्षरांचं. पुढे दोन अक्षरं उरतात, म्हणून ठोका दोन-दोन-दोन असा तुटतो. ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘सेना म्हणे’ यांचंही तसंच. ‘ज्ञानदेव म्हणे’ पूर्ण सहाचं, पण तुटतं चार-दोन. आणि ‘एका जनार्दनी’ही सहाचंच, तुटतं दोन-चार.

साहेबांना शेवटचं कडवं वाजवायला सांगितलं. दोन ठोके, बारीकसा श्वास, मग चार सलग. तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं, तीनही दिवशी तेच. एकनाथांची गाथा काढली.

पुढचं काम चिकाटीचं. कडवी चार, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्या मापाचे, चार कडव्यांचे अभंग मी खुणा करून ठेवले आणि संध्याकाळी त्यांची नात वाचायला लागली. आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. शब्द ज्याला आपणहून काढता येत नाही, त्याला तो समोर आल्यावर कळू शकतो.

फसगत होते ती याच टप्प्यावर. त्या मापाचा कुठलाही अभंग वाचला की साहेबांचं बोट चालायचं, चेहरा खुलायचा आणि घरच्यांना वाटायचं, सापडला! पण बोट चालणं हा पुरावा नव्हे; माप तर सगळ्यांचं तेच. पुरावा असा हवा की जो मापातून मिळूच शकत नाही. म्हणून आम्ही ठरवलं: वाचणारीने कडव्याच्या मध्ये थांबायचं आणि पुढचा शब्द सांगायचा नाही.

सोळा-सतरा अभंग असेच गेले. दोनदा साहेब “हाच, हाच” म्हणाले, पण पुढचा शब्द आला नाही; ते बाजूला ठेवले. पाचव्या संध्याकाळी नात दुसऱ्या चरणावर थांबली आणि साहेबांनी तिसरा चरण पुरा म्हटला, यमकासकट. त्यानंतरचा चारचा तुकडाही. आणि टोकाला, पुस्तकात नसलेलं, त्यांच्या आईचं ‘बाई’.

कोणता अभंग ते इथे लिहीत नाही. तो त्या घरचा आहे. चाल मात्र मिळाली नाही आणि या वाटेने ती मिळणारही नव्हती. अक्षरांच्या मापावरून शब्दांपर्यंत पोहोचता येतं. स्वर त्यात साठवलेले नसतात. नातीने तो हरिपाठाच्या चालीवर बसवला आहे. माप तेच असल्याने कुठे अडत नाही. शेवटचं ‘बाई’ तिने तसंच ठेवलंय.

तुमच्या घरी असं कुणी बोटं वाजवत असेल, तर आजच कागद घ्या आणि ठोके लिहून ठेवा, हलके पडणारेसुद्धा.

जय हिंद.