ती पोर तिथेच राहिली?

"त्या अनाथ पोरीला तिथेच सोडून आली ती? घरी का नाही आणली?"

'सुझुमे' पाहून वडाळ्याच्या मल्टिप्लेक्समधून बाहेर पडताना आईने मला हे विचारलं, त्याचा सल मला अजून आहे. एप्रिल २०२३ मध्ये माकोतो शिंकाई या दिग्दर्शकाचा हा जपानी अ‍ॅनिमेशनपट आपल्याकडे लागला, तेव्हा तो मूळ जपानीत इंग्रजी सबटायटल्ससह होता आणि हिंदीत डब केलेलाही होता. आम्ही अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहणारी माणसं, वडाळा हाकेच्या अंतरावर. माझा भाचा सोळा वर्षांचा, जपानी कार्टूनांचा भक्त. तिकिटं त्यानेच काढली, जपानीची. "मावशी, डब म्हणजे नकली. पहिल्यांदा तरी ओरिजिनलच बघायचा," असं त्याने चारचौघांत ठणकावून सांगितलं. आई सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. चष्मा लावून रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते, पण इंग्रजी अक्षरं तिला बसचा नंबर ओळखण्यापुरतीच. तिला काय हवंय, हे कोणी विचारलंच नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही, त्यांना शेवट सांगावा लागतोय, त्याला इलाज नाही. सुझुमे ही शाळकरी मुलगी. लहानपणी आई गेलेली, मावशीकडे वाढलेली. सुरुवातीलाच तिला एक स्वप्न पडतं. ताऱ्यांनी भरलेल्या आभाळाखाली, गवताच्या माळावर चार वर्षांची सुझुमे आईला शोधत रडत हिंडते आहे आणि समोरून कुणीतरी येतं. ती आईच असावी, असं आपल्याला वाटतं. मग दीड-पावणेदोन तास पडकी दारं, धरणीकंप, बोलणारं पांढरं मांजर आणि तीन पायांवर पळणारी लहान मुलांची लाकडी खुर्ची. शेवटी मोठी सुझुमे त्याच माळावर पोचते, तिला ती रडणारी पोर भेटते आणि ती तिला तीच पिवळी खुर्ची देते. तेव्हा कळतं, की स्वप्नात भेटलेली ती व्यक्ती आई नव्हतीच. ती मोठी झालेली सुझुमेच होती. ती स्वतःलाच सांगायला आली होती की तू वाढशील, तुला माणसं भेटतील, तू जगशील. सगळा चित्रपट या एका बोलण्यासाठी उभा केलेला आहे.

आणि हे कळतं ते फक्त बोलण्यातून. चित्रात दिसतं काय, तर एक मोठी मुलगी एका रडणाऱ्या लहान मुलीची समजूत घालते, तिला खुर्ची देते आणि दारातून परत निघून जाते. आईने अगदी हेच पाहिलं होतं. भूकंपात पोरकी झालेली कुणा परक्याची पोर, आणि नायिका तिला त्या ओसाड माळावर टाकून आली! खुर्ची तीच आहे, हेही तिच्या लक्षात आलं होतं. "स्वतःच्या आईने केलेली खुर्चीसुद्धा देऊन टाकली बिचारीने," ती म्हणाली. तिने चित्र नीट वाचलं होतं, बारकाईने वाचलं होतं, तरी गोष्ट उलटी झाली. सरकत्या जिन्यावरच्या गलक्यात मी तिला काय आणि कसं समजावणार? भाचा पुढे मोबाइलमध्ये. तिचा चेहरा घरी येईपर्यंत उतरलेलाच होता.

सबटायटल्सच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट सोयीने विसरतात. आपल्याकडे परदेशी चित्रपटाची सबटायटल्स बहुधा इंग्रजीच असतात. म्हणजे परकी भाषा कानांनी ऐकायची आणि दुसरी परकी भाषा डोळ्यांनी वाचायची. पडद्यावर एका वेळी फार तर दोन ओळी येतात, एकेका ओळीत चाळीसेक अक्षरं, आणि त्या जास्तीत जास्त सहा-सात सेकंद टिकतात. छोटं वाक्य तर सेकंदाभरात जातं. ज्याला इंग्रजी सराईतपणे वाचता येतं, त्याची नजर झर्रकन खाली जाऊन वर येते. माझ्यासारखी, जिला मनात शब्द जुळवावे लागतात, तिचा निम्मा चित्रपट पडद्याच्या खालच्या पट्टीत जातो. शिवाय बोलणं वेगाने होत असेल, तर सबटायटल लिहिणारा ते छाटतो. छाटावंच लागतं, नाहीतर वाचून होणार नाही. तेव्हा 'ओरिजिनल' पाहिला म्हणणाऱ्यानेही संवादांचा सारांशच वाचलेला असतो.

त्यातून हा अ‍ॅनिमेशनपट. चित्रातल्या सुझुमेला स्वतःचा गळा कुठे आहे? जपानमध्येही हे आवाज स्टुडिओत माइकपुढे उभं राहून, चित्राच्या हलत्या ओठांवर बसवतात. नानोका हारा या अभिनेत्रीने सुझुमेला जपानी आवाज दिला आणि तो फार सुंदर आहे, पण तोही बाहेरून बसवलेलाच. रेखाटलेलं तोंड नुसतं उघडतं-मिटतं, त्यामुळे त्यावर हिंदी वाक्य बसायला फारशी अडचण येत नाही. हाडामांसाच्या नटाच्या ओठांवर परकं वाक्य बसवताना मात्र शब्दांची ओढाताण होते, आणि ती लगेच डोळ्यांत खुपते.

त्याच आठवड्यात मी आईला हिंदी खेळाला नेलं. माळावरचा प्रसंग आला तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. बाहेर पडताना काही विचारलं नाही. खाली चहा घेताना एवढंच म्हणाली, "म्हणजे ती एकटी राहिली नाही." मला वाटलं, झालं, निकाल लागला. पहिल्यांदा पाहायचा तर डबच.

पण मग मलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. हिंदीतली सुझुमे माझ्या कानाला जरा मोठी वाटत होती, शाळकरी वाटत नव्हती. आणि दोन दिवसांनी आईच म्हणाली, "पहिल्या वेळी मला समुद्र जास्त दिसला. दुसऱ्यांदा मी बोलणंच ऐकत बसले." यावर काय म्हणावं, ते मला आजही सुचलेलं नाही.

मी आता एवढं करते. अ‍ॅनिमेशन असेल आणि सोबत इंग्रजी न वाचणारं माणूस असेल, तर हिंदी. हाडामांसाची माणसं असतील, त्यातही लहान मुलं, तर मूळ आवाज. घरी लावताना आधी पाच मिनिटं चालवून बघायची. ओठ थांबल्यावरही वाक्य चालूच असेल किंवा सगळ्यांचे आवाज एकाच बंद खोलीतून आल्यासारखे वाटत असतील, तर तो डब सोडायचा. आणि हिंदी आवाज लावून खाली इंग्रजी सबटायटल्स कधीही ठेवू नयेत. सबटायटल्स सहसा मूळ संवादांवरून केलेली असतात, तर डबचे संवाद ओठांच्या मापाने वेगळे लिहिलेले असतात. दोन्हींत मेळ नसतो आणि डोकं उठतं.

माजिद माजिदींचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा १९९७ चा इराणी चित्रपट मी आईला मूळ फारसीतच दाखवला, शेजारी बसून सबटायटल्स मराठीत सांगत. पोलंडमध्ये टीव्हीवर परदेशी चित्रपट असेच दाखवतात. मूळ आवाज मागे मंद चालू असतो आणि एकच माणूस सगळ्यांचे संवाद सपाट सुरात वाचत जातो. 'चिल्ड्रन ऑफ हेवन'मध्ये एक प्रसंग आहे. अलीने बहिणीचे बूट हरवलेत. आईवडील त्याच खोलीत बोलत बसलेत आणि ही दोघं अभ्यास करतोय असं दाखवत वहीत एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात. डबमध्ये त्या चिठ्ठ्या मुलांच्या आवाजात वाचल्या, तर त्यांची चोरी उघडी पडल्यासारखी होते. न वाचल्या तर काही कळत नाही. सबटायटलमध्ये मोठ्यांचं बोलणं द्यायचं की चिठ्ठी, हा पेच. मी चिठ्ठ्या सांगायला लागले. अलीने बहिणीपुढे पेन्सिल सरकवली, तशी आई म्हणाली, "गप गं. बूट हरवलेत, बापाला सांगू नको म्हणतोय. दिसतंय मला."

उरलेल्या चित्रपटात तिने मला बोलूच दिलं नाही. तरी 'सुझुमे' पुन्हा कुठे लागला, तर तिच्यासाठी तिकीट मी हिंदीचंच काढीन. भाच्याला हे अजून पटलेलं नाही.