वळकटीचा हिशेब

अण्णांच्या हिशेबाच्या वहीत प्रवासाचं पान वेगळं असायचं. वर गावाचं नाव, खाली तिकीट, हमाल, चहा-पाणी, टांगा. जेवणाचा रकाना त्यात नव्हता, कारण जेवण घरून जायचं. अंथरुणाचाही नव्हता. पण हमालाचे पैसे दर वेळी असत आणि ते वळकटीपायीच द्यावे लागत, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. सतरंजी, दोन गोधड्या, उशी आणि आतल्या खिशात कोंबलेले कपडे, असा तो खाकी होल्डॉल. नशिराबादहून एस.टी.च्या टपावर चढवायचा, भुसावळला उतरवायचा आणि पुलावरून पलीकडच्या फलाटावर न्यायचा. अंथरूण फुकट होतं, त्याची वाहतूक फुकट नव्हती.

होल्डॉल लागायचा कारण बाकं लाकडी होती. रात्रभर फळीवर झोपायचं तर खाली काहीतरी हवंच. हे बदललं ते मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना. २६ डिसेंबर १९७७ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली आणि दुसऱ्या वर्गाच्या बर्थवर दोन इंच फोम आला. ही गाडी आमच्या भुसावळवरूनच जाते. साध्या तिकिटाच्या माणसाचीही पाठ दुखू नये, हा विचार एका मंत्र्याने केला आणि तो लाखो पाठींपर्यंत पोचला. दंडवत्यांविषयी मला आजही मनापासून आदर वाटतो तो यासाठी. पुढे आमच्या घरची वळकटी आधी एका चादरीवर आली, मग हवेच्या उशीवर. वहीतला हमालही गेला.

आता प्रश्न वेगळा असतो. कोणी काशीला निघालं की घरात चर्चा सुरू होते, स्लीपर की थ्री एसी? एसीच्या बाजूने हमखास म्हटलं जातं, "अंथरूण-पांघरूण मिळतं, जेवणाचंही बघतात, मग फरक कितीसा राहतो?" हा फरक एकदा नीट मांडून पाहावा.

महानगरी एक्सप्रेस घ्या. भुसावळहून सकाळी बसलं की दुसऱ्या दिवशी पहाटे वाराणसी, अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर. स्लीपरला सव्वापाचशेच्या आसपास आणि थ्री एसीला साडेतेराशेच्या आसपास लागतात असं धरू. भाडी अधूनमधून वाढतात, तेव्हा नेमका आकडा तिकीट काढतानाच पाहावा. एसीच्या आकड्यात पाच टक्के जीएसटीही असतो, स्लीपरला तो नाही. म्हणजे माणशी फरक सव्वाआठशेचा.

या सव्वाआठशेत अंथरुणाचा वाटा किती? एसीत कागदी पाकिटात दोन चादरी आणि छोटा टॉवेल मिळतो, शिवाय उशी आणि ब्लँकेटही. स्लीपरमध्ये यातलं काही मिळत नाही. पण दक्षिण रेल्वेच्या चेन्नई विभागाने जानेवारी २०२६पासून काही गाड्यांत स्लीपरवाल्यांनाही मागितल्यावर चादर-उशी द्यायचं ठरवलं. चादर २० रुपये, अभ्रा घातलेली उशी ३० रुपये, दोन्ही मिळून ५०. आपल्याकडच्या गाड्यांत ही सोय नसली तरी एका रात्रीच्या अंथरुणाची किंमत त्यातून कळते. सव्वाआठशेतले पन्नास!

ब्लँकेटचं एक सांगून ठेवतो. चादरी प्रत्येक वापरानंतर धुतात, ब्लँकेट मात्र महिन्यातून किमान एकदा, असं सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. म्हणून दुसरी चादर पायथ्याशी घडी करून ठेवू नये. एक खाली अंथरावी, दुसरी अंगाशी घ्यावी आणि ब्लँकेट तिच्यावरून पांघरावं. आमची आई तेवढ्यावरही समाधानी नसते. स्वतःची जुन्या लुगड्याची चौघडी ती एसीतही सोबत नेते.

जेवणाबाबत मोठा गैरसमज आहे. महानगरीसारख्या मेल-एक्सप्रेसमध्ये एसीच्या तिकिटात जेवण नसतं. पँट्रीचं साधं शाकाहारी जेवण दोन्ही डब्यांत ८० रुपयांनाच मिळतं. तिकिटातच जेवण येतं ते राजधानीसारख्या गाड्यांत. जळगावला थांबणारी मुंबई-निजामुद्दीन राजधानी २०१९पासून धावते. तिच्यातही तिकीट काढताना जेवण नको म्हणता येतं आणि तेवढे पैसे कमी होतात. मात्र जागा भरत जातात तसं तिचं भाडं चढत जातं, तो हिशेब निराळा.

तरीही डबा आणि डब्बा यांचा संबंध आहेच, तो उन्हाळ्यात दिसतो. आमच्याकडे प्रवासाला दशम्या करतात. कणीक पाण्याऐवजी दुधात मळायची, तव्यावर तेल सोडून भाजायच्या, गार झाल्यावर फडक्यात बांधायच्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची सुकी भाजी आणि आपली केळी. मे महिन्यात खंडवा ओलांडल्यावर दुपारी स्लीपरच्या खिडकीतून येणारी हवा भट्टीची असते. दुपारचं जेवण छान होतं, पण संध्याकाळी झाकण उघडलं की भाजीला आंबूस वास लागलेला असतो. केळ्यांची सालं काळी पडलेली असतात. दशमी-चटणी टिकते, तरी मुलं भाजी मागतात आणि पँट्रीचं ताट घ्यावं लागतं. तोच डबा एसीत रात्रीपर्यंत चांगला राहतो. पाण्याचंही तसंच. एसीत माणशी दोन बाटल्या पुरतात, मेच्या स्लीपरमध्ये सहा लागतात. रेलनीरची लिटरची बाटली १४ रुपयांना, म्हणजे चार बाटल्यांचे ५६ रुपये जास्त.

आता बेरीज करू. रात्रीचं ताट ८०, पाणी ५६, अंथरूण ५०, असे १८६. सव्वाआठशेतून वजा केले तर ६३९ उरतात. उन्हाळ्यात डबा घरचा नेला तर एसीची भरपाई जास्तीत जास्त एवढीच. दोन्ही वेळा पँट्रीतूनच जेवणाऱ्याला ताटाचे ८० वाचत नाहीत, त्याचे सव्वासातशेच्या जवळ उरतात. थंडीत डबा कुठेही टिकतो, पाणी कमी लागतं, मग तर जवळजवळ पूर्ण फरक अंगावर पडतो.

हे उरलेले सहाशे-साडेसहाशे थंड हवेचे, बंद काचेचे आणि मोकळ्या वाटेचे आहेत. स्लीपरमध्ये दिवसा बिगर-आरक्षणाची माणसं बर्थच्या कडेला येऊन बसतात आणि रात्री शौचालयापर्यंतची वाट पाय ओलांडत काढावी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला साडेसहाशे रुपये जास्त नाहीत. पंचविशीतल्या पोराला त्यात काशीतलं दोन दिवसांचं खाणं होतं.

मार्च २०२०पर्यंत हा प्रश्न आईच्या बाबतीत पडतच नव्हता. ५८ वर्षांवरच्या बायकांना भाड्यात निम्मी सवलत होती, ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के. तिचं थ्री एसी आमच्या स्लीपरपेक्षा थोडंसंच महाग पडायचं आणि घरातलं कोणी दुसऱ्यांदा विचार करत नसे. करोनात ती सवलत थांबली आणि परत आली नाही. ती परत यावी असं मला कळकळीने वाटतं. म्हाताऱ्या माणसाचा प्रवास पैशांअभावी स्लीपरवर येतो तेव्हा बहुतेक वेळा तो रद्दच होतो. "मले काय करायची काशी," म्हणून तीच विषय मिटवते.

आमच्या घरी आता असं ठरलं आहे. होळीपासून पाऊस पडेपर्यंत आई असली तर थ्री एसी, खालचा बर्थ आणि दोन्ही वेळचा डबा घरून. दिवाळीनंतर आम्ही दोघंच असलो तर स्लीपर. त्या वेळी सातपुड्यापलीकडे रात्री खिडकीच्या फटीतून वारा झोंबतो, म्हणून एक जाड गोधडी न्यावीच लागते. पाठीवरच्या पिशवीत ती बसते, हमाल लागत नाही.