तेहतीस हजारांच्या पलीकडे

संपादकांनी विषय सुचवायला सांगितला आणि मला ४ जून २०२४ ची संध्याकाळ आठवली. निवडणुकीच्या निकालांनी सेन्सेक्स ४,३९० अंकांनी कोसळला होता. मावसभावाचा फोन आला. "दादा, तू तर तेहतीस हजार म्हणाला होतास. सत्तावन्न हजार गेले!"

तो आकडा मीच काढून दिला होता. त्याच्याकडे दहा लाखांचे शेअर होते, सहा लाख एका बँकेत आणि चार लाख एका मध्यम औषध कंपनीत. बँकेच्या शेअरचं रोजचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा हेलकावा, दीड टक्का होतं, म्हणजे ९,००० रुपये. औषध कंपनीचं दोन टक्के, म्हणजे ८,०००. पण दोन्ही शेअर नेहमी एकाच दिवशी पडत नाहीत, त्यामुळे सरळ बेरीज करून चालत नाही. त्यांचा सहसंबंध ०.४ धरला, वर्गांच्या बेरजेत दोन्ही रकमांच्या गुणाकाराची दुप्पट ०.४ ने गुणून मिळवली आणि वर्गमूळ काढलं, तेव्हा १४,२०० च्या आसपास आले. चढउतार घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राप्रमाणे होतात असं मानलं, तर ९९ टक्क्यांसाठी या रकमेला २.३३ ने गुणायचं. उत्तर येतं ३३,१००. हीच एक दिवसाची 'व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क'.

लोक या आकड्याला कमाल तोटा समजतात, आणि याची मला वर्षानुवर्षं चीड येते. शंभरातल्या ९९ दिवशी तोटा याच्या आत राहील, एवढंच तो सांगतो. वर्षात बाजार सुमारे अडीचशे दिवस चालतो, म्हणजे सरासरी दोन-तीन दिवस ही रेषा ओलांडली जाणारच. त्या दिवशी किती जाईल, याबद्दल हा आकडा गप्प असतो.

मात्र दोष फक्त वाचणाऱ्याचा नाही. सत्तावन्न हजार म्हणजे चार प्रमाण विचलनं. घंटेच्या हिशेबाने एवढी पडझड सुमारे सव्वाशे वर्षांतून एकदा व्हावी. पण २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स १३ टक्के पडला होता, त्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. सहसंबंध पूर्ण एक धरला असता तरी उत्तर साडेएकोणचाळीस हजारच आलं असतं. म्हणजे चूक सहसंबंधात नव्हती. बाजाराची शेपटी घंटेच्या शेपटीपेक्षा जाड असते, चूक तिथे होती.

हे तपासता येतं. मागच्या २५० दिवसांत रेषा किती वेळा ओलांडली, ते मोजायचं. बँकांसाठीच्या बाझल नियमांत चारपर्यंत हिरवा विभाग, पाच ते नऊ पिवळा, दहा किंवा जास्त असल्यास लाल. पण ही मोजणीही फक्त वेळा मोजते, खोली नाही.

भावाला मी आकडा दिला, पण "वाईट दिवशी किमान एवढे" हे शब्द दिले नाहीत. आता ते आकड्याच्या आधी लिहितो.