देवळातली फरशी आणि मधला रस्ता

किर्लोस्करवाडी स्टेशनला उतरलं की कुंडल अगदी जवळ. बाहेरच्यांना कुंडल आठवतं ते क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि प्रतिसरकारमुळे. पण गावाची दुसरी ओळख म्हणजे डोंगर आणि तिथली देवळं. झरी पार्श्वनाथ, गिरी पार्श्वनाथ, वीरभद्र. 'झरी' या नावातच पाणी आहे. खडकातून पाणी झिरपतं म्हणून झरी. हे नाव लक्षात ठेवा, कारण आजचा सगळा विषय पाण्याचाच आहे.

आमच्या बाजूच्या एका वाडीतल्या जुन्या देवळाच्या कमिटीने सभामंडपात संगमरवर आणि भिंतींना ऑइल पेंट असं ठरवलंय. देवळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सभामंडप वीस बाय पंचवीस, म्हणजे पाचशे चौरस फूट. वर्गणी गोळा झालीये आणि देणारे कोण? तर पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आपल्यासारखीच मंडळी! फेसबुकवर 'वारसा जपा' म्हणणारे आणि आजोबांच्या स्मरणार्थ फरशी देणारे बरेचदा एकाच घरातले असतात.

आता फरशीने नेमकं होतं काय? काळा पाषाण स्वतः फारसं पाणी पीत नाही. पण सांध्यांतला चुना, भिंतीच्या पोटातली भर आणि खालची माती पितात. जुन्या देवळात ही ओल दगडी फरशीच्या सांध्यांतून हळूहळू वाफ होऊन निघून जाते. त्यावर सिमेंटचा थर आणि संगमरवर बसवला की ही वाट बंद. मग ओल कडेला सरकते आणि भिंतीतून वर चढते. भिंतीवर ऑइल पेंट असेल तर तिथेही दार बंद. पाणी कुठून तरी बाहेर पडणारच, आणि येताना क्षार घेऊन येतं. ते पृष्ठभागाजवळ वाळले की स्फटिक होऊन फुगतात आणि चुना, कधीकधी दगडाचा पापुद्राही, सोलून काढतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो.

हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाला फुगे, खाली पांढरी पावडर, म्हणजे ओल खालून येतेय. शंका असेल तर दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा चौकोन जमिनीवर ठेवा, चारी कडा टेपने बंद करा आणि किमान सोळा तास तसाच राहू द्या. थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला आले तर पाणी जमिनीतून येतंय. वरच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा.

दुसरी गोष्ट उंचीची. फरशी आणि खालचा सिमेंटचा थर मिळून जमीन सहज दोन इंच वर येते. दोन इंचाने काय होतं? उंबरठ्यावरचं कीर्तिमुख आणि द्वारशाखेच्या तळाची शिल्पं बुडतात. शिवाय जुन्या जमिनीला उतार असतो, धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. नवी फरशी लेव्हलमध्ये बसवली की पाणी भिंतीच्या पायाशी थांबतं. म्हणजे वरूनही ओल, खालूनही.

इतकं सगळं मी कमिटीतल्या आण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुज्या पुण्याच्या सायबाला एकदा वैशाखात अनवाणी प्रदक्षिणा घालाय सांग. बायामाणसांचं पाय पोळत्यात रं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो मुद्दा खरा आहे. काळा दगड उन्हात तापतो. जुनी फरशी खडबडीत, म्हाताऱ्या माणसांना ठेच लागते. देवळात अंधार असतो. आणि रंगवणं ही काही आजची खोड नाही. सणाआधी देऊळ चुन्याने पांढरं करणं ही सेवाच आहे. चुन्याच्या थरातून वाफ आरपार जाते, ऑइल पेंटातून जात नाही. म्हणजे भांडण रंगवण्याशी नाहीच, डब्यात काय आहे त्याच्याशी आहे.

उलट बाजूच्या हौशी मंडळींचंही चुकतं. 'मूळ रूप' म्हणून सरसकट दगड उघडा करायचा, त्यासाठी ग्राइंडर नाहीतर वाळूचा मारा! त्याने रंगाबरोबर छिन्नीच्या खुणाही जातात. शिवाय सातारा-सांगलीकडच्या कितीतरी देवळांचं खालचं अंग दगडी, पण शिखर मराठेशाहीतलं, विटा-चुन्याचं. त्या शिखराचं मूळ रूप उघडं नव्हतंच. त्याला गिलावा आणि रंग हवाच, नाहीतर दोन पावसाळ्यांत विटा दिसायला लागतील.

मोठ्या पातळीवर हे कसं हाताळतात ते 2024 साली पंढरपुरात दिसलं. सुमारे 73 कोटींच्या आराखड्यात राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या देखरेखीखाली विठ्ठल मंदिरात नंतर बसवलेल्या फरश्या आणि रंग काढायला घेतले. पण देऊळ बंद केलं नाही. 15 मार्चपासून पदस्पर्श थांबवला, सकाळी काही तास मुखदर्शन चालू ठेवलं आणि आषाढीच्या बऱ्याच आधी, 2 जूनला, पदस्पर्श पुन्हा सुरू केला. कामाचं वेळापत्रक वारीच्या भोवती बेतलं, वारी कामाभोवती नाही. आणि मेअखेरीस हनुमान दरवाजाजवळ फरशीखाली तळघर सापडलं, त्यात जुन्या मूर्ती होत्या. वर सिमेंट ओतलेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.

वाडीच्या देवळाकडे 73 कोटी नाहीत, आणि ते संरक्षित स्मारकांच्या यादीतही नाही. निर्णय कमिटीचाच. अशाच असंरक्षित वास्तूंसाठी इंटॅकने 2004 साली एक सनद केली. चालत्या परंपरेतली दुरुस्ती आणि पारंपरिक कारागिरांचं काम हेही जतनच, असं ती मानते. त्या धर्तीवर मी कमिटीपुढे देवळाचे तीन भाग केले.

गाभारा: शेंदूर, अभिषेक, नैवेद्य यात कुणी बोलायचं नाही. फक्त पाणी बाहेर जायची वाट मोकळी ठेवायची, आणि भिंतीला टाइल नाही.

दगडी अंग आणि सभामंडप: भिंतींना ऑइल पेंटऐवजी चांगल्या भिजवलेल्या चुन्याचे तीन पातळ हात, थोडा डिंक घालून, भिंत आधी ओली करून. कोरीव खांब तसेच ठेवायचे. आधीचा पेंट काढायचा तर सहा इंचाच्या तुकड्यावर करून बघायचं. जमिनीवर जुने दगड नंबर घालून उचलायचे आणि चुन्यात, त्याच उताराने परत बसवायचे. फुटलेत तिथे वाळूवर शहाबादी, सिमेंट न घालता. पुढच्या पिढीला नको वाटली तर पहारीने निघेल. आपल्या भाषेत, रिव्हर्ट करता येईल असाच बदल.

शिखर आणि अंगण: शिखराला हवा तो रंग, पण चुन्यातला. प्रदक्षिणेच्या वाटेवर उन्हाळ्यात काथ्याची चटई, दुपारी पाणी मारून. होळीला अंथरायची, मृगाला गुंडाळायची.

राहिला प्रश्न नावांचा, आणि खरी गाठ इथेच होती. फरशी ही देणगीची पावती असते हो. फरशी नाही तर आजोबांचं नाव कुठे? मी सुचवलं, एक दगड बसवण्याचा खर्च एका घराने उचलावा, आणि सगळी नावं अंगणातल्या वेगळ्या शिळेवर, भिंतीला न टेकता. आण्णांनी विचारलं, "नाव किती मोठं?" तेव्हा मला वाटलं, जमतंय.

सगळं मान्य झालं नाही. शहाबादीऐवजी दाराशी चार हात संगमरवर हवाच असा आग्रह आहे. मी म्हटलं, उंबरठ्यापासून हातभर लांब आणि वाळूवर, मग घाला. ऑइल पेंट मात्र यंदा थांबलाय. चुना भिजत घातलाय. पावसाळ्यानंतर गुडघ्याच्या उंचीला भिंत बघायची, पांढरी पावडर कमी झाली का. कमिटीला माझ्या लेखापेक्षा ती भिंत जास्त पटेल.